मुलीच्या विद्यापीठाला विमामाफीचं पत्र लिहायचं आहे, मसुदा तपासून द्याल का?

लोकमान्यनगर_इंदूर
नमस्कार मंडळी. माझी मुलगी ऑगस्टमध्ये एफ-१ व्हिसावर इलिनॉयला एमएस करायला गेली. लग्न फेब्रुवारीत झालं. जावई डॅलसला नोकरी करतात आणि त्यांच्या कंपनीच्या हेल्थ प्लॅनमध्ये त्यांनी तिचं नाव लग्नानंतर लगेच घातलं होतं. म्हणजे विमा आहे, कार्डही हातात आहे. तरी विद्यापीठाने फीच्या बिलात स्वतःच्या विम्याचे वर्षाचे ३,४०० डॉलर लावलेत. ज्याच्याकडे तोडीचा विमा असेल त्याने माफी मागावी, अशी सोय आहे. तिने ऑनलाइन अर्ज भरला. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘नामंजूर, विम्याची पडताळणी होऊ शकली नाही’. आता दहा दिवसांत कागदपत्रांसह अपील करायचं आहे.

मी एक मसुदा केला आहे. थोडक्यात असा: ‘सविनय निवेदन की माझे वडील निवृत्त असून शिक्षणासाठी कर्ज घेतले आहे, पतीच्या नामांकित कंपनीचा उत्तम विमा असताना दुहेरी भुर्दंड पडत आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार करून विमा शुल्क माफ करावे ही नम्र विनंती.’ इंग्रजी मुलगी करेल. काही कमी-जास्त असेल तर सांगा.

सुदामानगरची_वैशाली
काका, आमच्या भाच्यासाठी आम्ही विमानतळावरच्या काउंटरवरून ट्रॅव्हल पॉलिसी घेतली होती, खूपच स्वस्त पडली. तीच घ्या ना, ३,४०० डॉलर कशाला भरायचे?

लोकमान्यनगर_इंदूर
वैशालीताई, पॉलिसी घ्यायची नाहीये, आहे ती मान्य करून घ्यायची आहे.

माळव्याचा_माणूस
मसुदा चांगला आहे, पण कायद्याचा आधार द्या. अमेरिकन सरकारचा नियमच आहे, परदेशी विद्यार्थ्याला एका आजारामागे १,००,००० डॉलरचं कव्हर हवं आणि डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी द्यायला लागण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरच्या आत. एवढं आहे म्हणून ठणकावून लिहा, विद्यापीठाला नाही म्हणताच येणार नाही. माझ्या मेहुण्याच्या वेळी हेच चाललं होतं.

रामबाग_ते_मिशिगन
मी मूळची रामबागेतली. गेली सहा वर्षं इथल्या एका विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये बिलिंगच्या काउंटरवर बसते, आणि माफीची अपिलं आमच्याच खोलीत उघडली जातात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माळव्याचा माणूस यांच्याबद्दल. आकडे तुमचे बरोबर आहेत, पण ते जे-१ व्हिसाचे. एक्सचेंज व्हिजिटरला तो सरकारी नियम लागू आहे. तुमचे मेहुणे बहुधा पोस्टडॉक किंवा व्हिजिटिंग असतील. एफ-१ ला विम्याची सक्ती सरकार करत नाही, विद्यापीठ करतं, आणि प्रत्येकाची नियमावली वेगळी. तेव्हा सरकारी नियमाचा दाखला दिलात तर वाचणारा म्हणेल, यांनी आमचा नियम वाचलेलाच नाही.

आता काका, तुमचा मसुदा. राग मानू नका, पण त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नाही. कर्ज, निवृत्ती, नामांकित कंपनी हे सगळं खरं असेल, पण जी व्यक्ती ते वाचते तिला दया दाखवण्याचा अधिकारच नसतो. तिच्यासमोर डाव्या बाजूला विद्यापीठाची अटींची यादी असते आणि उजवीकडे तुमची कागदपत्रं. प्रत्येक अटीपुढे तिला पान क्रमांक सापडला की ती खूण करते. सापडला नाही की फाइल बाजूला जाते. आपल्याकडे सरकारी कचेरीत अर्ज करताना सविनय लिहायची सवय आहे. इथे हिशेबाच्या वहीसारखं लिहायचं, ही अट, हा पुरावा, हे पान.

आणि ‘पडताळणी होऊ शकली नाही’ याचा अर्थ विमा कमी पडला असा नाही. अजून तो कोणी तोललेलाच नाही. अर्जातलं नाव, जन्मतारीख आणि मेंबर नंबर विमा कंपनीच्या यंत्रणेत टाकून बघतात, आणि तिथे अशी व्यक्ती सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तर दोन गोष्टी सांगा. कार्डावर मुलीचं नाव कसं छापलं आहे? आणि विद्यापीठात कसं आहे?

लोकमान्यनगर_इंदूर
राग कसला, उलट बरं वाटलं. आत्ताच मुलीला फोन केला. विद्यापीठात पासपोर्टप्रमाणे आहे, म्हणजे तिचं नाव, माझं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्ट लग्नाआधीचा. कार्डावर जावईबापूंनी फक्त तिचं नाव आणि सासरचं आडनाव दिलं आहे.

रामबाग_ते_मिशिगन
झालं. हेच. आमच्याकडे मराठी आणि गुजराती मुलींची निम्मी प्रकरणं याच कारणाने अडतात.

आणखी एक बघायला सांगा. पुष्कळ कंपन्यांत सगळ्या कुटुंबाचा मेंबर नंबर एकच असतो आणि शेवटी दोन आकडे वेगळे असतात, नोकरदाराला ००, जोडीदाराला ०१ असे. मुलगी नवऱ्याच्या कार्डावरून नंबर उतरवून घेते आणि जन्मतारीख स्वतःची घालते. मग यंत्रणेत ना तो सापडतो ना ती.

लोकमान्यनगर_इंदूर
तुम्ही तिथे उभ्या राहून बघितल्यासारखं सांगताय. तिने जावईबापूंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या त्यांच्याच कार्डाच्या फोटोवरून नंबर टाकला होता. तिचं स्वतःचं कार्ड डॅलसच्या पत्त्यावर आलं आहे आणि तिथेच आहे.

पलासिया_वाचक
मग पत्र हवंच कशाला? नंबर दुरुस्त करून परत अर्ज भरला की झालं.

रामबाग_ते_मिशिगन
नंबरापुरतं म्हणाल तर हो. पण एकदा नामंजूर झालेला अर्ज बऱ्याच ठिकाणी पुन्हा उघडत नाही, अपीलच करावं लागतं. शिवाय नंबर बरोबर दिला तरी आडनाव जुळणार नाहीच. ते माणसाला माणसानेच समजावून सांगावं लागतं, आणि त्यासाठीच पत्र.

ग्वाल्हेरची_सुनीता
आमचा मुलगा जर्मनीत आहे म्हणून राहवलं नाही. तिथे तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा योजनेत जावं लागतं. खाजगी विमा असेल तर त्यातून सूट मिळते, पण एकदा सूट घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत परत सरकारी योजनेत येता येत नाही. आम्ही स्वस्त म्हणून खाजगी घ्यायला निघालो होतो, त्याच्या सीनियरने वेळेत थांबवलं. काका, तुमच्याकडेही माफी घेतली की दार कायमचं बंद होतं का, हे आधी विचारून घ्या.

रामबाग_ते_मिशिगन
सुनीताताई, चांगला प्रश्न काढलात. अमेरिकेत सहसा तसं नसतं. बाहेरचा विमा मध्येच सुटला, समजा जावयांची नोकरी गेली, तर त्या घटनेपासून ठरावीक दिवसांत विद्यापीठाच्या विम्यात शिरता येतं. बहुतेक ठिकाणी ३० किंवा ३१ दिवस. ती मुदत चुकली तर मात्र पुढच्या सत्रापर्यंत थांबावं लागतं. काका, तारीख कुठे तरी लिहून ठेवा.

राजवाडा_रात्री_अकरा
माझा अनुभव उलटा आहे. मी भारतातल्या कंपनीची स्टुडंट पॉलिसी घेऊन गेलो होतो, अडीच लाख डॉलरची. पत्र लिहिलं, पानं जोडली, सगळं केलं. तरीही नाकारलं. तेव्हा पत्राने काही होतं यावर माझा विश्वास नाही.

रामबाग_ते_मिशिगन
कारण काय दिलं होतं?

राजवाडा_रात्री_अकरा
तीन कारणं होती. आधीपासूनच्या आजाराला कव्हर नाही, मानसिक आजाराला नाही, आणि रकमेला कमाल मर्यादा आहे.

रामबाग_ते_मिशिगन
मग पत्र कितीही सुरेख असलं तरी उपयोग नव्हता. पॉलिसीत जे नाही ते पत्र आणू शकत नाही. तुमच्या आणि काकांच्या प्रकरणात फरक इथेच आहे. जावयांचा प्लॅन अमेरिकन नोकरीचा आहे. २०१४ पासून तिथल्या अशा प्लॅनना जुन्या आजाराचं कारण सांगून खर्च नाकारता येत नाही, आणि अत्यावश्यक उपचारांवर वर्षाची किंवा आयुष्यभराची डॉलरमध्ये मर्यादाही घालता येत नाही. त्यामुळे ज्या अटींवर तुमची पॉलिसी पडली, त्यातल्या दोन इथे कायद्यानेच सुटतात.

नारायणबाग_७२
भारतीय पॉलिसी चालतच नाही असं मात्र नाही. माझ्या पुतणीची टेक्ससमध्ये चालली. विद्यापीठाने अटी दिल्या होत्या, त्या बघून त्यांना जुळणारा महागातला प्लॅन घेतला होता.

राजवाडा_रात्री_अकरा
असेल. माझ्या विद्यापीठाच्या यादीत ‘क्लेम बघणारं कार्यालय अमेरिकेतच हवं’ अशीही अट होती. प्रत्येकाचं वेगळं.

माळव्याचा_माणूस
जे-१ बद्दल मान्य. मेहुणा पोस्टडॉकच होता, आत्ता बायकोला विचारलं.

लोकमान्यनगर_इंदूर
विद्यापीठाच्या अटी मुलीने पाठवल्या आहेत, मराठीत करून देतो. वैयक्तिक डिडक्टिबल १,५०० डॉलरच्या आत. जुन्या आजारावर बंदी नको. मानसिक आरोग्याचे उपचार इतर आजारांसारखेच धरलेले हवेत. कॅम्पसच्या भागात फक्त इमर्जन्सी नाही, साध्या तपासणीलाही नेटवर्कमधले, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेले डॉक्टर हवेत. विमा २० ऑगस्ट ते पुढच्या १९ ऑगस्टपर्यंत चालू हवा. आणि परदेशी विद्यार्थ्यासाठी ५०,००० डॉलरचं मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे आजारपणात उपचारासाठी मायदेशी हलवण्याचं, व २५,००० डॉलरचं पार्थिव मायदेशी नेण्याचं कव्हर. शेवटचं वाचून हिची आई दिवसभर गप्प होती.

रामबाग_ते_मिशिगन
काकूंना सांगा, ती ओळ बऱ्याच विद्यापीठांच्या यादीत असते.

आता जावयांना त्यांच्या एचआरकडून एकच कागद मागायला सांगा, ‘समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज’. सगळे याला एसबीसी म्हणतात. कोणत्याही कंपनीचा प्लॅन असो, याचा साचा सरकारने ठरवून दिलेला आहे, म्हणून आमच्या खोलीत डोळे मिटूनही कुठे काय ते सापडतं. पहिल्याच पानावर डिडक्टिबल असतं. तिथे एकट्याचा आणि कुटुंबाचा असे दोन आकडे असतील. आपल्याला एकट्याचा हवा. मुली कुटुंबाचा लिहितात आणि उगाच मर्यादेबाहेर जातात. मानसिक आरोग्याची ओळ आतल्या तक्त्यात असते. आणि शेवटाकडे प्रश्न असतो की हा प्लॅन मिनिमम इसेन्शियल कव्हरेज, म्हणजे कायद्याला मान्य असलेलं किमान कव्हर देतो का. त्यापुढे ‘हो’ छापलेलं असतं, त्याला मार्करने रंग द्या.

दोन गोष्टी एसबीसीत मिळणार नाहीत. एक, कॅम्पसजवळचे डॉक्टर. प्लॅन पीपीओ आहे की एचएमओ ते विचारा. पीपीओत जाळ्याबाहेरच्या डॉक्टरकडेही जास्त पैसे भरून जाता येतं, एचएमओत सहसा ठरलेल्या भागातल्या जाळ्यापुरतंच. पीपीओचं जाळं देशभर असेल तर विमा कंपनीच्या साइटवर कॅम्पसचा पिनकोड टाकून दहा मैलांतले डॉक्टर आणि एक हॉस्पिटल शोधा, आणि त्या पानाची प्रिंट तारखेसकट काढा. एचएमओ असेल तर डॅलसचं जाळं इलिनॉयला उपयोगी पडत नाही. इमर्जन्सी चालते, पण ताप-खोकला चालत नाही.

दुसरी, इव्हॅक्युएशन. नोकरीच्या प्लॅनमध्ये हे बहुधा नसतंच, कारण अमेरिकन माणसाला मायदेशी न्यायचा प्रश्न नसतो. त्याची वेगळी छोटी पॉलिसी मिळते, मुख्य विम्याच्या मानाने अगदी कमी पैशांत. अपील पाठवायच्या आधी घ्या आणि तिचं सर्टिफिकेट जोडा. ‘नंतर घेऊ’ असं पत्रात लिहिलं की नाकारलंच म्हणून समजा.

लोकमान्यनगर_इंदूर
प्लॅन पीपीओ आहे. वैयक्तिक डिडक्टिबल १,००० डॉलर. कॅम्पसपासून तीन मैलांवरचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे, जावईबापूंनी स्वतः फोन करूनही खात्री केली. इव्हॅक्युएशन खरंच नव्हतं, ते आज घेतलं. नावाच्या पुराव्यासाठी विवाह प्रमाणपत्र आहे, पण आपल्या नगर निगमचं, संपूर्ण हिंदीत.

पलासिया_वाचक
जिल्हा कोर्टाबाहेर इंग्रजी भाषांतर करून नोटरीचा शिक्का मारून देतात. मी पासपोर्टच्या कामासाठी केलं होतं, दुपारपर्यंत हातात मिळालं. मूळ हिंदी प्रतही सोबत जोडा, नुसतं भाषांतर नको.

रामबाग_ते_मिशिगन
अगदी बरोबर. आणि विमा कंपनीकडून एक ‘कव्हरेज व्हेरिफिकेशन लेटर’ही मागवा. त्यावर मुलीचं नाव, जन्मतारीख, तिचा स्वतःचा मेंबर नंबर आणि विमा कधीपासून चालू आहे ते असतं. नोकरदाराने लॉगिन करून मागितलं तर लवकर मिळतं.

आता पत्र. इंग्रजीत मुलगीच लिहील, मी मजकूर मराठीत देते. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका.

*विषय: विमामाफी अपील, विद्यार्थी क्रमांक अमुक.*

*माझा अर्ज पडताळणी न झाल्याने नामंजूर झाला. त्याची दोन कारणं मला सापडली. पहिलं, मी अर्जात चुकून माझ्या पतीचा मेंबर नंबर दिला होता. माझा नंबर अमुक आहे. दुसरं, विद्यापीठात माझं नाव पासपोर्टप्रमाणे आहे आणि विमा कंपनीकडे लग्नानंतरचं आहे. दोन्ही नावं माझीच आहेत, जन्मतारीख दोन्हीकडे एकच आहे. विवाह प्रमाणपत्र व त्याचं भाषांतर जोड १ मध्ये आहे, आणि विमा कंपनीचं पत्र जोड २ मध्ये.*

*माझा विमा पतीच्या नोकरीतला गट विमा आहे. वैयक्तिक डिडक्टिबल १,००० डॉलर आहे, जोड ३, पान १. मानसिक आरोग्याचे उपचार जोड ३, पान ३ वर आहेत. मिनिमम इसेन्शियल कव्हरेजचं उत्तर जोड ३ मध्ये शेवटाकडे आहे. हा अमेरिकन नोकरीतला गट विमा असल्याने कायद्यानेच जुन्या आजारांवर बंदी नाही. कॅम्पसपासून दहा मैलांतले नेटवर्कमधले डॉक्टर व हॉस्पिटल जोड ४ मध्ये आहेत. इव्हॅक्युएशन आणि पार्थिव मायदेशी नेण्याची स्वतंत्र पॉलिसी जोड ५ मध्ये आहे, मुदत २० ऑगस्ट ते १९ ऑगस्ट.*

*गट विमा १ मार्चपासून चालू आहे. त्याचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं आणि १ जानेवारीला नूतनीकरण होतं. नवीन कार्ड मिळताच मी त्याची प्रत पाठवीन, आणि विमा कोणत्याही कारणाने थांबला तर लगेच कळवून विद्यापीठाच्या विम्यात प्रवेश घेईन.*

पान क्रमांक तुमच्या प्रतीत बघून बदला. आभार मानायचे असतील तर शेवटी एक ओळ, बस.

नारायणबाग_७२
जानेवारीची गोष्ट आपणहून का सांगायची? उगाच त्यांना शंका येईल. त्यांनी विचारलं तर सांगावं.

रामबाग_ते_मिशिगन
विमा कंपनीच्या पत्रावर किंवा एसबीसीच्या डोक्यावर प्लॅनचं वर्ष छापलेलंच असतं. वाचणाऱ्याला ते दिसतं, आणि पत्रात काही नसेल तर ‘वर्षभराची अट पूर्ण नाही’ असा शेरा पडतो. तुम्ही आधीच सांगितलंत तर त्याला लिहायला जागा राहत नाही. ‘वर्षभर नक्की राहील’ असं वचन मात्र देऊ नका. ते तुमच्या हातात नाही, जावयांच्या कंपनीच्या हातात आहे.

नारायणबाग_७२
मला अजून पटलेलं नाही, पण तुम्ही रोज वाचता, आम्ही नाही.

विजयनगर_नवी
मी हा धागा वाचत होते. माझी बहीण नेमकी एचएमओमध्ये आहे, नवरा न्यू जर्सीला, ती ओहायोला. मग तिने पत्र लिहूच नये का?

रामबाग_ते_मिशिगन
काही एचएमओ दूर राहणाऱ्या कुटुंबीयाला दुसऱ्या राज्यात पाहुणा सदस्य म्हणून नोंदवून घेतात. आधी ते विचारा. नोंद झाली तर त्याचं लेखी पत्र जोडून अर्ज करा. तरी विद्यापीठ मान्य करेल का, हे मी सांगू शकत नाही. आमच्याकडे एक मंजूर झालेलं पाहिलं आहे आणि एक नामंजूर. कागदपत्रं सारखीच होती.

सुदामानगरची_वैशाली
रामबागताई, भाच्याची पॉलिसी आज काढून वाचली. त्यात ‘आधीपासूनचे आजार वगळून’ असं छापलं आहे, आणि त्याला दमा आहे. त्याच्या विद्यापीठाने कशी मान्य केली कोणास ठाऊक. त्याला नियम बघायला सांगितलं आहे.

रामबाग_ते_मिशिगन
काही छोट्या कॉलेजांत सक्तीच नसते, म्हणून कोणी विचारलं नसेल. पण दम्यासाठी एकदा इमर्जन्सीत जावं लागलं तर बिल हजारांत येतं. आजच विद्यापीठाच्या विम्याची विचारणा करायला सांगा, सत्र सुरू होऊन फार दिवस झाले नसतील तर घेतील.

लोकमान्यनगर_इंदूर
अपील पाठवलं, सोमवारी. एक पान पत्र, पाच जोड. माझा मसुदा फाडून टाकला.

लोकमान्यनगर_इंदूर
नऊ दिवसांनी लिहितो आहे. परवा त्यांची ईमेल आली. नाव आणि नंबर जुळले. पण विचारलं की नेटवर्कच्या प्रिंटमध्ये हॉस्पिटल आहे, मानसोपचार देणारा कोणी नाही, तोही दाखवा. मुलीने त्याच साइटवर त्याच पिनकोडने शोधून दुसरी प्रिंट पाठवली. त्यात सहा नावं निघाली, सगळ्यात जवळचं दोन मैलांवर.

आज सकाळी उत्तर आलं. फॉल सत्राचे १,४२० डॉलर बिलातून काढले. स्प्रिंगसाठी जानेवारीचं नवीन कार्ड आणि नवीन एसबीसी १५ जानेवारीच्या आत पाठवायचं आहे, त्यानंतरच बाकीचे निघतील.

रामबाग_ते_मिशिगन
छान झालं काका. जावयांना आत्ताच सांगून ठेवा, नोव्हेंबरमध्ये कंपनीत पुढच्या वर्षाचा प्लॅन निवडायचा असतो. तेव्हा स्वस्त म्हणून जास्त डिडक्टिबलवाला प्लॅन घेतला आणि आकडा १,५०० च्या वर गेला, तर स्प्रिंगची माफी जाईल.

लोकमान्यनगर_इंदूर
त्यांना लगेच फोन केला. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, तोच प्लॅन घ्यायचा विचार चालला होता.